ताप उतरला पण हाडं ठणकतायत. डेंग्यू, चिकनगुनिया की व्हायरल? मदत हवी आहे

मृण्मयी_के: नवऱ्याचं अंग इतकं दुखतंय की कूस बदलता येत नाही. डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, म्हणजे व्हायरलच ना? दुखण्यावर घरातली गोळी देऊ का? प्लीज लवकर सांगा.

सदूभाऊ: चिकनगुनियाच. २००६ च्या साथीत आमचं अख्खं घर वाकून चालत होतं. पपईच्या पानांचा रस सुरू करा.

फिजिशियन_नाशिक: ताई, ताप कधी सुरू झाला? रिपोर्ट नेमका कसला? गोळी कोणती? दुखतंय कुठे?

मृण्मयी_के: सोमवारी १०३ ताप. आज शुक्रवार, सकाळपासून ताप नाही. डेंग्यूची एनएस१ तपासणी आजच केली. गोळी डायक्लोफिनॅक, सासऱ्यांच्या गुडघ्यासाठी आणलेली. पाठ, मांड्या आणि डोळ्यांच्या मागे दुखतंय.

फिजिशियन_नाशिक: ती गोळी अजिबात देऊ नका, डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. तापाला, दुखण्याला फक्त पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. एनएस१ पहिल्या तीन-चार दिवसांत जास्त भरवशाची असते. पाचव्या दिवशी ती निगेटिव्ह आली तरी डेंग्यू असू शकतो, म्हणून आता आयजीएम ही अँटिबॉडीची तपासणी करून घ्या. मनगटं, घोटे, बोटांचे सांधे सुजलेत का? सर्दी-खोकला?

मृण्मयी_के: सूज नाही, मूठ वळते. सर्दी-खोकला नाही.

फिजिशियन_नाशिक: चिकनगुनियात बहुतेकदा सांधेच धरतात, सकाळी चहाचा कपसुद्धा उचलवत नाही. तुम्ही सांगताय ते डेंग्यूकडे जास्त झुकतंय. पण डास एकच, दोन्ही एकदमही होतात, त्यामुळे चिकनगुनिया नाहीच असं इथून म्हणणार नाही. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, केलीत का?

मृण्मयी_के: बुधवारी प्लेटलेट १,६०,०००, पीसीव्ही ४२. आज ९२,००० आणि ४९.

सदूभाऊ: बघा, प्लेटलेट! रस द्या म्हणतोय ना.

फिजिशियन_नाशिक: काका, रसाच्या नादात वेळ जाईल. मला प्लेटलेटपेक्षा पीसीव्हीची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीची, काळजी वाटतेय. ४२ वरून ४९ म्हणजे रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतंय, रक्त घट्ट होतंय. हे नेमकं ताप उतरताना होतं आणि घरचे म्हणतात, बरा झाला. पोटदुखी, उलट्या? लघवी होतेय?

अपार्टमेंट_सचिव: सोसायटीत धुरळणी झाली का? नगरसेवकाला फोन करा.

मृण्मयी_के: दुपारपासून पोट दुखतंय, दोनदा उलटी झाली. सकाळपासून लघवी एकदाच. हातपाय गार लागतायत.

फिजिशियन_नाशिक: आत्ताच अ‍ॅडमिट करा, उद्यावर नको. दोन्ही सीबीसी सोबत घ्या. सलाईन मोजून लावावं लागतं, कमी पडलं तर बीपी कोसळतं, जास्त झालं तर फुप्फुसात पाणी साठतं.

मृण्मयी_के: रिक्षा बोलावली. निघतोय.

वैशाली७१: डॉक्टर, मला पावसाळ्यात चिकनगुनिया झाला होता. अजून सकाळी बोटं आखडतात. सदूभाऊ, तुमच्या घरी किती महिने चाललं हे?