वंशवृक्षाचं पोस्टर: चौसष्ट टोकं आणि मुंग्यांएवढी अक्षरं

प्रेषक: अनघा

नमस्कार मंडळी,

जुलैमध्ये आमच्या घराण्याचं संमेलन इथे न्यू जर्सीत आहे. हॉलच्या दारात लावायला वंशवृक्षाचं पोस्टर करायचं माझ्याकडे आलंय. आकार ठरलेला, 36 इंच रुंद आणि 24 इंच उंच, कारण तेवढी फ्रेम आधीच घेऊन झाली आहे (घेणाऱ्याचं नाव सांगत नाही).

पणजोबा-पणजीपासून पाच पिढ्या, पणजोबांचे सहा मुलगे. शेवटी ज्यांच्यापुढे रेघ जात नाही अशी टोकं मोजली तर 64. नावं अगदी छोटी: रमा, बंडू, उषा, जय. म्हणून वाटलं होतं की सहज मावेल. ग्राफविझ या आकृत्या काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घातलं आणि `size="34,22"` दिलं. निघाली काय, तर 34 इंच लांब आणि जेमतेम अडीच इंच उंच पट्टी! वरखाली सगळं कोरं, अक्षरं मुंग्यांएवढी. नावं एवढी लहान असून जागा का पुरत नाही?

---

प्रेषक: सुधीरकाका

अनघा, दोन चौकटींमधलं अंतर फार असणार. `nodesep` कमी कर. त्याशिवाय चौकटीला स्वतःची किमान रुंदी असते, ती काढून टाक. नाव दोन अक्षरी असलं तरी चौकट मोठीच राहते. मी आमच्या व्याह्यांसाठी असंच केलं होतं, झकास बसलं. (त्यांची टोकं वीसेक होती, हेही सांगतो.) नाहीच जमलं तर फ्लेक्स काढ आठ फुटी, फ्रेम जाऊ दे.

---

प्रेषक: वर्षाताई

अनघा, त्र्यंबकेश्वरला तुमचे तीर्थोपाध्याय कोण ते विचारून घे. त्यांच्या वह्यांमध्ये गाव आणि आडनावावरून पिढ्यान्‌पिढ्यांची नावं सापडतात. आम्हाला खापरपणजोबांच्या भावाचं नाव तिथेच मिळालं.

---

प्रेषक: अनघा

वर्षाताई, नावं आहेत हो, उलट जास्तच झालीत! अडलंय ते मांडणीत. पण त्र्यंबकेश्वरचं लक्षात ठेवते.

काका, दोन्ही करून पाहिलं. फरक पडला. अक्षरं मुंगीवरून मुंगळ्यावर आली.

---

प्रेषक: मिलिंद

सुधीरकाकांनी दुखणं ओळखलंय, पण ते अर्धंच आहे. अनघाताई, तुमचा आधीचा हिशोब मांडून बघा. ग्राफविझ काही न सांगता चौकटीला किमान 0.75 इंच रुंदी देतं आणि शेजारच्या चौकटीपासून 0.25 इंच लांब ठेवतं. म्हणजे प्रत्येक टोकाला एक इंच, 64 टोकांना 64 इंच. ते 34 इंचांत कोंबायचं तर सगळं जवळजवळ निम्मं होतं, आणि मुळातलं 14 पॉइंटचं अक्षर साडेसातवर येतं. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर साधारण तेवढंच असतं. काकांच्या उपायाने 64 चे 45 इंच झाले असतील. तरी 34 पेक्षा जास्तच.

खरी गोम दिशेत आहे. टोकं 64 आणि पिढ्या पाच. ज्या दिशेला टोकं पसरतात तिकडे जागा संपते, पिढ्यांच्या दिशेला ती पडून राहते. शिवाय नाव कितीही छोटं असलं तरी ते आडवं असतं; ‘रमा’सुद्धा उंचीपेक्षा रुंद. मग टोकं एकाखाली एक लावायची आणि पिढ्या आडव्या न्यायच्या, जुन्या हिशोबाच्या वहीत नावं एकाखाली एक असत तशा.

पण 64 ओळी 24 इंच उंचीत गेल्या तर पुन्हा बारीकच होणार. म्हणून पणजोबा-पणजींना मधोमध बसवा, तीन मुलांच्या शाखा उजवीकडे आणि तीन डावीकडे. शाखांची टोकं किती-किती आहेत?

---

प्रेषक: अनघा

थोरल्यापासून: 21, 4, 9, 6, 13, 11. थोरल्या आजोबांचा गोतावळा मोठा आहे.

---

प्रेषक: मिलिंद

म्हणजे क्रम न मोडता उजवीकडे 34, डावीकडे 30. छान जमतंय. उंची 24 इंच. त्यातून समास दोन आणि शीर्षक-फोटोला अडीच-तीन इंच गेले की 19 उरतात. 34 ओळींना प्रत्येकी 0.56 इंच येतात, त्यात 24 पॉइंटचं अक्षर ऐसपैस बसतं. साडेसातवरून चोवीसवर आलात, आणि कागद तोच.

आडव्या दिशेला आता इतकी जागा आहे की जोडपं एका ओळीत लिहा, ‘गजानन – उमा’ असं. वरून खाली येणाऱ्या झाडात दोन ओळी बऱ्या, इथे मात्र दुसरी ओळ उंची खाईल.

दोन फाइली करा. उजवीची ही अशी:

```
digraph ujvi {
  rankdir=LR; ordering=out;
  nodesep=0.08; ranksep=0.9;
  node [shape=box, width=0, height=0.48,
        margin="0.08,0.02", fontsize=24,
        fontname="Noto Sans Devanagari"];
  edge [dir=none];
  m   [label="विनायक – राधा"];
  m1  [label="गजानन – उमा"];
  m11 [label="बंडू – शैला"];
  m -> m1; m1 -> m11;
}
```

डावीला फक्त `rankdir=RL` करा आणि तिथल्या `m` ला `style=invis` द्या, म्हणजे मूळ चौकट दोनदा दिसणार नाही पण तिची जागा राहील. मग दोन्ही पीडीएफ इंकस्केपमध्ये घेऊन मुळाची चौकट एकमेकींवर बसवा.

`ordering=out` विसरू नका. ते नसलं की रेघा कमी छेदाव्यात म्हणून ग्राफविझ भावंडांचा क्रम मनाने बदलतं, आणि धाकटा थोरल्याच्या वर बसला तर संमेलनात काय होईल ते मी सांगायला नको. `height` मुद्दाम थोडी जास्त धरली आहे. ग्राफविझ ओळीची उंची अक्षराच्या सव्वापटीहूनही कमी धरतं, त्यामुळे ‘कुसुम’चा उकार किंवा ‘शर्वरी’चा रफार चौकटीच्या रेघेला चिकटतो.

---

प्रेषक: अनघा

मिलिंद, फार आभार. डावी बाजू सुरेख आली. उजवीकडे मात्र भलतंच झालंय. तिसऱ्या पिढीतल्या विनायककाकांच्या वडिलांकडून एक रेघ उलटी पणजोबांकडे गेली आणि सगळी शाखा पिळली गेली. मुलाने वडिलांना जन्म दिल्यासारखं दिसतंय.

---

प्रेषक: मिलिंद

तुम्ही `m`, `m1` असे आकडे न वापरता नावंच चौकटीची ओळख म्हणून दिलीत ना? ग्राफविझला ‘विनायक’ दोनदा दिसला की ते त्यांना एकच माणूस समजतं. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे मराठी घरात हे हमखास घडतं. छोट्या नावांत तर अधिकच: किती ताई, किती नाना! पडताळायला चौकटी मोजा. माणसांपेक्षा कमी भरल्या तर कुणी तरी कुणात मिसळलंय.

ओळख आकड्यांनी द्या. थोरला `m1`, त्याची दुसरी मुलगी `m12`, तिचा पहिला मुलगा `m121`. कुलवृत्तान्तातही माणसांना क्रमांक असतात ते याच त्रासापायी. दिसणारं नाव फक्त `label` मध्ये.

---

प्रेषक: प्रसाद, टोरांटो

मध्येच शिरतो. आमच्याकडे आत्याच्या मुलाला मामाची मुलगी दिलेली आहे, म्हणजे नवरा-बायको दोघंही त्याच झाडातले. एका चौकटीत घातलं तर तिला दोन ठिकाणांहून रेघा येतात आणि दोन शाखा एकमेकींत गुंततात. काय करावं?

---

प्रेषक: मिलिंद

जोडपं एकाच शाखेत काढायचं आणि दुसरीकडची रेघ तुटक, अशी:

```
m3 -> m15 [style=dashed, constraint=false];
```

`constraint=false` मुळे ती रेघ कुणाला पिढीबाहेर ओढत नाही. पण इतर नावांवरून जाऊ शकते, आणि दोन शाखा पोस्टरच्या दोन बाजूंना असतील तर दोन फाइलींमुळे हे जमणारच नाही. मी तरी दोन्हीकडे नाव लिहून शेजारी क्रमांक देतो. झाड म्हणून ते चूक आहे हे मान्य. वाचणाऱ्याला मात्र कळतं.

---

प्रेषक: सुधीरकाका

हे असंच पुस्तकातल्या आलेखासारखं करायचं असेल तर बायकांची नावं गाळा ना, अर्धी अक्षरं कमी होतील.

---

प्रेषक: वर्षाताई

काका, नावं एका ओळीत मावली आहेत, गाळायची गरजच उरलेली नाही. आणि अनघा, तू सहा मुलगे म्हणालीस. पणजोबांना मुली नव्हत्या?

---

प्रेषक: अनघा

वर्षाताई, तुमच्या प्रश्नानंतर सांगलीला आत्याला फोन केला. एक मुलगी होती, सगळ्यांत थोरली. तिच्या सासरकडची 11 टोकं आत्याने एका दमात सांगितली, बसल्या बैठकीत. आमच्या वहीत ती कुठेच नाही.

आता पोस्टर कोलमडणार का? शिवाय बाबांचे एक चुलतभाऊ म्हणताहेत, ‘ती दुसऱ्या घरची झाली, तिचं कुळ वेगळं.’ यावर घरात दोन तट आहेत.

---

प्रेषक: मिलिंद

तटांचं तुम्ही बघा, पोस्टरचं मी सांगतो. ती थोरली, म्हणजे उजवीकडे सगळ्यांत वर: 11, 21 आणि 4 मिळून 36. डावीकडे 9, 6, 13, 11 मिळून 39. क्रम शाबूत. 39 ओळी 19 इंचांत, म्हणजे ओळीला 0.48. `fontsize=20`, `height=0.40`, `nodesep=0.07` करा, बसतील. चार पॉइंट गेले, बाकी काही नाही.

तिला `m0` द्या. सगळे आकडे पुन्हा बदलत बसू नका.

छापायला देताना पीडीएफच द्या. एसव्हीजी दिलीत आणि दुकानातल्या संगणकावर तो फाँट नसला तर काना-वेलांट्या सुट्या पडतात किंवा नुसते चौकोन येतात. देण्याआधी एक कोपरा साध्या लेटर कागदावर घरी छापून बघा, आकार 100 टक्के ठेवून.

---

प्रेषक: अनघा

कोपरा छापला, फ्रिजवर लावला आणि आईला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं, पाच फुटांवर. चष्म्याशिवाय ‘कुसुम’ वाचलं. ‘शर्वरी’ला ‘शवरी’ म्हणाली, पण रफार रेघेला टेकलेला नाही, म्हणजे दोष चष्म्याचाच असावा.

`m0` घातली आहे. चुलतकाकांचा फोन रविवारी येणार आहे. तोवर फाइल दुकानात देत नाहीये.