तुरीचा भाव चढला, तर गोदामातल्या शंभर क्विंटलची किंमत किती धरायची?

मिलवाला, आर्वी तालुका
आमची तुरीची लहान डाळ मिल आहे. सुरुवातीला १०० क्विंटल तूर ७,००० च्या भावाची शिल्लक होती. मग १०० क्विंटल ८,००० ने घेतली आणि १२० क्विंटल भरडायला काढली. त्यानंतर आणखी १०० क्विंटल ९,००० ने घेतली, त्यातून ८० काढली. आता गोदामात १०० क्विंटल आहे. भाव अडत, हमाली धरूनच आहेत. धाकटा भाऊ म्हणतो लिफो लाव, म्हणजे शेवटी आलेला माल आधी निघाला असं धर. सीए म्हणतात सरासरी धरा, मुनीम म्हणतो फिफो, म्हणजे आधी आलेला आधी निघाला. तिघांचे आकडे वेगळे येतात. कोणाचं ऐकू?

पुलगावकर
भावाचं ऐका. आज तूर ९,००० ला भरता आणि भरडायला काढताना वहीत ७,००० लिहिता, म्हणजे डाळ स्वस्तात पडली असं दिसतं अन् नफा फुगतो. पण तो नफा हातात राहतो का? गोदाम पुन्हा भरायला ९,००० च लागतात. फुगलेल्या नफ्यावर टॅक्स मात्र खरा भरावा लागतो. भाव चढता असेल तर जावक शेवटच्या खरेदीच्या भावानेच लिहायला पाहिजे.

काळी माती
भाऊ, माह्या घरी वीस क्विंटल तूर हाये. नऊ हजार भाव आला म्हणता, कोणत्या बाजार समितीत? इकू का थांबू?

मिलवाला, आर्वी तालुका
दादा, हे आकडे हिशोब समजायला सोपे धरले आहेत. आजचा भाव नाही तो.

बी.कॉम. तिसरं वर्ष
सरासरी सगळ्यात सोपी आहे. ७, ८ आणि ९ हजारांची सरासरी ८,०००. शिल्लक १०० क्विंटल, म्हणजे ८ लाख. इतका वाद कशाला?

जुना हिशेबनीस
तुमचा ८,००० हा आकडा जुळला, कारण तिन्ही वेळा माल १०० क्विंटलच होता. शेवटची खरेदी ३० क्विंटलची असती तर नुसत्या भावांची सरासरी चुकली असती. भावाला वजनाने गुणून मग भागायचं असतं. दुसरं, १२० क्विंटल काढली तेव्हा ९,००० ची तूर आलीच नव्हती, मग तिचा भाव त्या जावकेत कसा घुसवता? महिनाअखेरीस एकदाच सरासरी काढणारे ८ लाखच लिहितात, तीही मान्य रीत आहे. पण मिलवाले तारखेप्रमाणे जावक लिहितात, म्हणून तसंच करून बघू.

पहिल्या खरेदीनंतर २०० क्विंटल, १५ लाख रुपये, सरासरी ७,५००. १२० निघाली, ८० क्विंटल उरली ती ६ लाखांची. त्यात ९ लाखांची तूर पडली, तेव्हा १८० क्विंटल १५ लाखांची झाली, म्हणजे सरासरी ८,३३३. आणखी ८० काढल्यावर उरलेल्या १०० क्विंटलची किंमत साधारण ८,३३,३३३.

फिफोत पहिल्या जावकेत ७,००० ची सगळी शंभर आणि ८,००० ची वीस गेली. दुसऱ्या जावकेत ८,००० ची उरलेली ऐंशी गेली. गोदामात निव्वळ ९,००० ची तूर, ९ लाख.

लिफोत उलटं. आधी ८,००० ची शंभर आणि ७,००० ची वीस, नंतर ९,००० ची ऐंशी. शिल्लक राहिली ९,००० ची वीस आणि ७,००० ची ऐंशी, मिळून ७,४०,०००.

तूर तीच, खर्च केलेले पैसे तेच २४ लाख. साठ्यात जितके कमी दाखवाल, तितके डाळीच्या खर्चात जास्त जातात. फिफोत खर्च १५ लाख, लिफोत १६ लाख ६० हजार. भाव चढताना नफ्यातला फरक तेवढाच, १ लाख ६० हजार.

आणखी एक गंमत. लिफो वर्षाअखेरीस एकदाच लावला तर उरलेली सगळी शंभर ७,००० ची ठरते, साठा ७ लाखांवर येतो. फिफो रोज लावा की वर्षाअखेरीस, उत्तर ९ लाखच.

कृषी केंद्र, देवळी
फिफोच बरोबर. नवी पोती पुढे आणि जुनी मागे ठेवली तर भुंगेरा लागतो. आमच्याकडे बियाणं, औषधाची मुदत संपते, म्हणून जुना माल आधी काढावाच लागतो. जसा माल हलतो तसं लिहायचं.

जुना हिशेबनीस
गोदामात जुनं पोतं आधी काढा, ते चांगलंच. पण किमतीचा हिशोब त्याच पोत्याच्या मागे चालला पाहिजे अशी सक्ती नाही. तूर एकसारखी असते, थप्पी मिसळते, म्हणून सरासरीही चालते. तुमच्या बियाण्याच्या लॉटचं वेगळं, तिथे लॉट ओळखता येतो.

पुलगावकर
सगळं पटलं, पण टॅक्सचं उत्तर आलं नाही. लिफोत १ लाख ६० हजारांवरच्या टॅक्सचे पैसे वाचतात, मग का सोडायचे? टॅलीत पर्याय आहे की.

जुना हिशेबनीस
टॅलीत दिसतो म्हणून चालतो असं नाही. आपल्याकडे १९९९ च्या सुधारणेनंतर लेखामानक २ मधून लिफो गेला, फिफो आणि भारित सरासरी राहिली. प्राप्तिकराच्या साठा-मूल्यांकनाच्या मानकातही अशा मालाला लिफो बसत नाही. अमेरिकेत तो अजून चालतो, म्हणून पुस्तकांत भेटतो.

शिवाय ते पैसे वाचत नाहीत, पुढे ढकलले जातात. यंदाचा शिल्लक साठा पुढच्या वर्षी सुरुवातीचा साठा होतो. लिफोत ७,००० ची ऐंशी क्विंटल तळाशी पडून राहते. एखाद्या वर्षी खरेदी आटली आणि गोदाम रिकामं झालं की हीच स्वस्त तूर खर्चात येते, अन् दबलेला नफा त्या वर्षी एकदम वर येतो.

पुलगावकर
ढकललेला पैसा वर्षभर धंद्यात फिरतो, तो फायदाच. कायदा असेल तसा असो. डाळीचा भाव सांगताना मी तरी ७,००० ची तूर धरणार नाही.

जुना हिशेबनीस
धरूच नका. ग्राहकाला भाव सांगताना आजचा तुरीचा भाव धरा, त्याला वहीतली पद्धत आड येत नाही. पण नफा-तोट्याला आणि सीसी कर्जासाठी बँकेला देताय त्या स्टॉक स्टेटमेंटला एकच पद्धत ठेवा. बँकेत फिफो आणि टॅक्सला सरासरी, असं केलं की दोन कागद शेजारी ठेवताच फरक दिसतो. मिलवाले, तुमच्या सीएंनी आजवर सरासरी लावली असेल तर तीच चालू ठेवा. भाव चढला म्हणून यंदा फिफो, पडला म्हणून पुढे सरासरी, हे चालत नाही. बदलायला सबळ कारण लागतं.

आणि मार्चअखेरीस भाव पडला तर नुसत्या वहीतल्या ८,३३,३३३ वर अडून बसू नका. ती तूर भरडून डाळ विकल्यावर खर्च निघत नसेल, तर साठ्याची किंमत खाली आणावी लागते. खर्च निघत असेल तर तूर आहे त्याच किमतीला राहते.

मिलवाला, आर्वी तालुका
आतापर्यंत सरासरीच होती, ती ठेवतो. पण अडचण अशी की वहीत १०० क्विंटल आहे आणि काट्यावर ९८ भरली. वाळून घट आली. ही दोन क्विंटल कोणत्या भावाने कमी करू?

बी.कॉम. तिसरं वर्ष
८,३३३ ने दोन क्विंटल तोट्यात टाका.

जुना हिशेबनीस
वाळण्याची घट नेहमीची असेल तर ती तोट्यात नाही जात. ८,३३,३३३ ला ९८ ने भागा, भाव ८,५०३ च्या आसपास येईल. चोरी किंवा पावसाने भिजून गेलं असेल तर ती वेगळी नोंद.

कृषी केंद्र, देवळी
दोन टक्के घट नेहमीची कशी? तूर कोरडी घेतली असेल तर इतकी पडत नाही. काटा तपासा आधी.

मिलवाला, आर्वी तालुका
यंदा काही गाड्या ओल्याच आल्या होत्या. काटा उद्या तपासतो, मग सांगतो.