व्हॉट्सॲपचा नंबर बदलल्यावर गप्पांचे आणि जोडलेल्या खात्यांचे काय होते : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सचिव : नमस्कार. ग्रुपच्या सदस्ययादीत सदनिका ३०२ चे दोन नंबर दिसत आहेत. जुना नंबर अजूनही ॲडमिन आहे आणि नवा नंबर काल आमंत्रणाच्या लिंकवरून आत आला आहे. काका नंबर बदलणार असल्याचे कळले होते, परंतु ॲपमधून नंबर बदलला की ग्रुपमध्ये आपोआप तशी सूचना उमटते, ती या वेळी उमटलेली नाही. जुना नंबर काढून टाकावा का?

सदनिका ३०२ : सचिवसाहेब, कृपया एक-दोन दिवस थांबावे. बाबांचा फोन आणि नंबर दोन्ही एकाच वेळी बदलले. नव्या फोनवर ॲप घेऊन नवा नंबर टाकला, तेव्हा बॅकअप सापडला नाही आणि ग्रुपही दिसेनात. जुन्या फोनवर मात्र ॲप जुन्या नंबरावर अजून व्यवस्थित चालू आहे. बॅकअप तर रोज रात्री होत असे, मग तो गेला कुठे?

सदनिका ५०१ : बॅकअप जिथे होता तिथेच आहे, फक्त तो नव्या नंबराला मिळत नाही. अँड्रॉइडवर बॅकअप परत घेण्यासाठी गूगल खाते तेच असावे लागते आणि ज्या नंबरावरून बॅकअप घेतला तो नंबरही तोच असावा लागतो. नव्या फोनवर नवा नंबर टाकला म्हणजे ॲपच्या दृष्टीने एक अगदी नवा माणूस आला. त्याचे ग्रुप नाहीत, बॅकअप नाही, ॲडमिनपद नाही. जुना माणूस अजून जुन्या फोनवर आहे, म्हणूनच यादीत दोघे दिसत आहेत आणि सूचनाही आली नाही.

सदनिका ३०२ : म्हणजे आता जुने ॲप काढून टाकावे का?

सदनिका ५०१ : ते मुळीच करू नका. जुन्या फोनमध्ये सगळ्या गप्पांची खरी प्रत आहे, त्यामुळे त्यातले ॲप काढणे, फोन रिकामा करणे किंवा कोणाला देऊन टाकणे हे सर्वांत शेवटी. ‘Delete account’ आणि ‘Change number’ हे पर्याय सेटिंग्जमध्ये Account या एकाच पानावर आहेत, पण त्यांचा परिणाम अगदी उलट आहे. पहिल्याने तुम्ही सर्व ग्रुपमधून बाहेर पडता आणि गप्पांसह खाते पुसले जाते. दुसऱ्याने नाव, फोटो, ग्रुप, ॲडमिनपद असे सगळे खाते उचलून नव्या नंबरावर ठेवले जाते आणि जुन्या नंबरावरचे खाते संपते.

तुमच्या बाबतीत नव्या नंबरावर काल एक रिकामे खाते तयार झाले आहे, तेव्हा आधी नव्या फोनवर ते खाते ‘Delete account’ने काढावे. तिथे ॲप नंबर टाइप करायला सांगते. तो नवाच आहे ना, हे दोनदा पाहावे. मग जुन्या फोनवर ‘Change number’ उघडून वरच्या रकान्यात जुना आणि खालच्या रकान्यात नवा नंबर देशाच्या कोडसह भरावा. पडताळणीचा कोड नव्या नंबरावर येतो, त्यामुळे ते सिम दुसऱ्या फोनमध्ये असले तरी चालते. कोड वाचून जुन्या फोनवर टाकायचा. याच टप्प्यावर कोणाकोणाला कळवायचे हे विचारले जाते. ग्रुपना ते आपोआप कळते, वैयक्तिक ओळखीच्यांसाठी मात्र निवड करावी लागते.

सदनिका २०४ : आणि गप्पा?

सदनिका ५०१ : त्या जुन्या फोनवर जशाच्या तशा राहतात, कारण फोन बदललेला नसतो. आता नव्या नंबराखाली ताजा बॅकअप घ्यावा आणि तो पूर्ण झाल्याची वेळ Chat backup या पानावर दिसते का ते पाहावे. त्यानंतरच नव्या फोनवर ॲप नव्याने घालून, तेच गूगल खाते ठेवून, नवा नंबर टाकावा. बॅकअप परत घेण्याची विचारणा सुरुवातीलाच येते; ती ओलांडून पुढे गेल्यास ॲप काढून पुन्हा घालावे लागते. बॅकअपला पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लावली असेल, तर ती हाताशी हवी. ती हरवली तर बॅकअप कंपनीलाही उघडता येत नाही.

सदनिका २०४ : काकांशी माझा वर्षानुवर्षांचा संवाद आहे. माझ्या फोनवर त्याचे काय होईल?

सदनिका ५०१ : ताई, तो तुमच्याकडे राहील, परंतु जुन्या नंबराखाली. काकांनी तुम्हाला कळवण्याचे निवडले असेल, तर त्या संवादात नंबर बदलल्याची ओळ येईल आणि तिच्यावर टिचकी मारून नवा नंबर जतन करता येईल. नवे संदेश नव्या नंबराच्या वेगळ्या संवादात येतील. जुना नंबर आपल्या फोनबुकमधूनही काढावा, असे मी आग्रहाने सांगेन. ॲपमध्ये दिसणारे नाव तुमच्या फोनबुकमधले असते, त्यामुळे उद्या तो नंबर दुसऱ्याला मिळून त्याने खाते उघडले, तर तो परका माणूस तुम्हाला ‘काका’ या नावानेच दिसेल.

खजिनदार : हीच माझी शंका होती. बंद झालेले नंबर मोबाइल कंपन्या काही काळाने नव्या ग्राहकाला देतात. त्या ग्राहकाला आपल्या गप्पा वाचता येतील का?

सदनिका ५०१ : जुन्या गप्पा नाही, कारण त्या तुमच्या फोनवर आणि तुमच्या बॅकअपमध्ये असतात. पण जुने खाते न हलवता तसेच सोडले असेल, तर त्या नंबराचे ग्रुपमधले सदस्यत्व राहिलेले असू शकते आणि मग पुढचे संदेश परक्याच्या हाती पडतात. नंबर ॲडमिन असेल तर अधिकारही. सहा अंकी पिन असला तर अडथळा येतो, परंतु पिन माहीत नसणाऱ्यालाही सात दिवसांनंतर तो नव्याने ठरवता येतो. ‘Change number’ केले असेल तर जुन्या नंबरावर खातेच उरत नाही.

खजिनदार : आणि त्या नंबरावर उघडलेली बाकीची खाती?

सदनिका ५०१ : ती यातून हलत नाहीत. ईमेल, बँक, खरेदीची ॲप्स, समाजमाध्यमे यांना व्हॉट्सॲपमध्ये काय घडले याचा पत्ताही नसतो. त्यांचे ओटीपी जुन्या नंबरावरच जात राहतात. अनेक ठिकाणी नंबर बदलताना जुन्या नंबरावरही ओटीपी मागतात, म्हणून हे काम जुने सिम चालू असतानाच उरकावे, आणि सुरुवात ईमेलपासून करावी, कारण बाकीच्यांचे विसरलेले पासवर्ड तिथूनच परत मिळतात. संगणकावर जोडलेले व्हॉट्सॲप नव्या फोनवरून ‘Linked devices’मध्ये जाऊन पुन्हा जोडावे लागते. नंबर घालून तयार केलेली wa.me लिंक मात्र नव्या नंबराकडे वळत नाही. ती जिथे दिली असेल तिथे बदलावी लागते. ग्रुपच्या आमंत्रणाच्या लिंकला काही होत नाही, ती ग्रुपची असते.

सदनिका ३०२ : सांगितल्याप्रमाणे केले. ग्रुपमध्ये सूचना आली, बाबांचे ॲडमिनपदही नव्या नंबरावर दिसत आहे. नव्या फोनवर गप्पा उतरत आहेत, छायाचित्रे अजून येत आहेत.

सचिव : उत्तम. यादीत आता एकच नंबर आहे, त्यामुळे मला काही काढावे लागले नाही. छायाचित्रे पूर्ण उतरेपर्यंत जुना फोन तसाच ठेवावा, ही विनंती.