रीडर येत नाही तर फोटो आपण का काढायचा?

चिडका_बिब्बा
विजेचा मीटर रीडर याही महिन्यात आला नाही आणि वर मेसेज आलाय, स्वतः रीडिंग घ्या, फोटो काढून अ‍ॅपवर टाका. म्हणजे पगार त्यांनी घ्यायचा आणि काम आपण करायचं. मी ठरवलंय, फोटोबिटो काही पाठवणार नाही. सरासरीचं बिल येतं, ते भरतो आणि गप्प बसतो. उलट ते कमीच येतं, माझा फायदाच आहे. तुम्ही लोक पाठवता का? आणि का?

तारांबळ
'फायदा' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही, म्हणून जरा लांबण लावतो. अहो, कुणी बघो न बघो, मीटर पुढे पळतच असतं. कमी आलेलं बिल ही उधारी आहे, माफी नव्हे.

समजा शेवटचं खरं रीडिंग ८४२० होतं. पुढचे दोन महिने कुणी आलं नाही, दर महिना ११० युनिट सरासरी लागली, तुम्ही २२० चे पैसे भरून खूश. पण पंखे-कूलर चालू होते, खरा वापर १९० चा. तिसऱ्या महिन्यात रीडर उगवला आणि मीटरवर ८९९० दिसले. म्हणजे एकूण ५७० युनिट. आता हे ५७० तीन महिन्यांत वाटले तर महिन्याला १९० पडतात, आणि तेच करायला हवं. पण सगळे एकाच महिन्याचे धरले आणि तुम्ही भरलेली रक्कम नुसती वजा केली, तर दर जिथे ३०० च्या वर चढतो तिथे २७० युनिट वरच्या दराने लागतात. वापर तोच, बिल मात्र फुगलेलं. दर महिन्याला रीडिंग गेलं असतं तर हा घोळ झालाच नसता.

चिडका_बिब्बा
तारांबळ, गणित छान. पण ते वाटून देणं सिस्टीम आपोआप करते, माझ्या बिलात झालंय तसं. उगाच घाबरवू नका लोकांना.

सर्किट_काका
करते, पण मधले महिने सरासरीचे होते हे सिस्टीमला माहीत असेल तरच. माझी अर्धी हयात बिलिंगमध्ये गेली म्हणून सांगतो. रीडर आलाच नाही, बिलावर 'घर बंद' किंवा 'रीडिंग नाही' असा शेरा आहे, मागचं आणि चालू रीडिंग एकच छापलंय, तर पुढे वाटणी होते. खरी भानगड वेगळीच असते. कोणीतरी मीटर न बघताच ८५३० असा अंदाजाचा आकडा ठोकून देतो आणि शेरा पडतो 'सामान्य'. मग सिस्टीमच्या लेखी ते खरं रीडिंग. पुढचा माणूस खरा आकडा टाकतो तेव्हा मागचं सगळं साचलेलं त्या एकाच महिन्याच्या डोक्यावर बसतं, वाटणी नाही नि काही नाही. म्हणून बिल आलं की पैशाच्या आधी तो शेरा बघा आणि छापलेला आकडा मीटरशी ताडून बघा. बिलावरचा मीटरचा फोटो धुरकट असेल किंवा फोटोच नसेल तर समजून जा.

गच्चीवरची_गौरी
हे सगळं ठीक आहे पण स्मार्ट मीटर लावले की प्रश्नच मिटला ना? कोण रीडर नि कोण फोटो.

चिडका_बिब्बा
हो, आणि आकडा कुठून आला हे विचारायला माणूसही उरणार नाही. धागा फोटोचा आहे, स्मार्ट मीटरचं भांडण दुसरीकडे नेऊन घाला.

गच्चीवरची_गौरी
अरे वा, धागा काढला म्हणजे मालक झालात का?

उंटावरचा_शहाणा
भांडा तुम्ही. माझं उलटं झालंय ते ऐका. आईचं घर बंद, फक्त फ्रीज चालू. तरी सरासरी जुन्या वापरावर लागत राहिली. मी फोटो काढून अ‍ॅपवर टाकायला गेलो तर अ‍ॅप म्हणतं, 'चालू रीडिंग मागील रीडिंगपेक्षा कमी आहे', आणि पुढे जाऊच देत नाही. म्हणजे यांनी आकडा पुढे ढकलून ठेवला आणि आमचं मीटर मागेच. आता खरं बोलायची सोयच नाही, खोटा मोठा आकडा टाकला तरच फॉर्म पुढे सरकतो!

सर्किट_काका
उंटावरचे, खोटा आकडा अजिबात टाकू नका, तो तुमच्या तोंडचा पुरावा होतो. अशा वेळी अ‍ॅप सोडा, लेखी तक्रार द्या, सोबत फोटो जोडा आणि बिल दुरुस्त करून मागा. आणि आधी एक सांगा, फोटोत नक्की कुठला आकडा आहे? डिस्प्लेवर आकडे फिरत असतात. kWh म्हणजे आपले युनिट, ते लिहिलेलाच घ्यायचा.

उंटावरचा_शहाणा
मला kWh कळतं हो काका. एवढा उंटावर नाही बसलेलो.

फ्यूज_गेलेला
काका, माझ्याकडे वेगळीच गंमत. भाडेकरूने kWh ऐवजी डिस्प्लेवरच्या kVAh या दुसऱ्याच नोंदीचा फोटो पाठवला, आकडा जरा मोठा, तिकडे कुणी बघितलंच नाही, स्वीकारला. पुढच्या महिन्यात मी kWh टाकतोय तर तेच, 'मागीलपेक्षा कमी'. आणि ऑफिसात सांगतात मीटर उलटं फिरतंय का तपासायला लागेल, टेस्टिंगची फी भरा.

सर्किट_काका
टेस्टिंगची काही गरज नाही. kVAh हा kWh पेक्षा कमी कधीच नसतो, बरोबरीचा नाहीतर जास्तच. भाडेकरूचा जुना फोटो शोधा, त्यात आकड्याशेजारी kVAh दिसत असेल तर काम झालं. आणि सगळ्यांनाच सांगतो, एक फोटो काढण्यापेक्षा डिस्प्लेची पूर्ण फेरी व्हिडिओत घ्या. मीटर नंबर, तारीख, वेळ, kWh, सगळं एका दमात येतं, मग त्यातून फोटो काढा. फ्लॅश बंद ठेवा, काचेवर चमकला की नेमका मधला आकडा जातो. पॉइंटनंतरचा आकडा टाकायचा नाही. ८९९०.४ चे ८९९०४ करणारे महाभाग मी बघितलेत.

तारांबळ
आणि मूळ फाइल फोनमध्ये राहू द्या. मेसेजिंग अ‍ॅपवरून इकडून तिकडे फिरवलेल्या फोटोतून काढल्याची तारीख-वेळ गळून जाते.

चिडका_बिब्बा
वा! म्हणजे आता व्हिडिओ शूटिंग, फाइल सांभाळणं, तक्रार लिहिणं. रीडरचं काम होतं, ते तुम्ही वकिलाचं केलंत. आणि माझ्या शेजारच्या आजींना साधा फोन उचलता येत नाही, त्यांनी काय करायचं?

गच्चीवरची_गौरी
आजींचा फोटो तुम्ही काढून द्या ना, शेजारी आहात. इथे टाइप करायला वेळ आहे की.

चिडका_बिब्बा
देतोच आहे, तुम्ही नका शिकवू. प्रश्न तो नाहीये. आज मी आहे म्हणून, पण ज्यांना कुणीच नाही त्यांच्यावर सरासरी लादायची आणि वर म्हणायचं, संधी दिली होती, तुम्हीच रीडिंग पाठवलं नाही. हे चालतं का तुम्हाला?

सर्किट_काका
नाही चालत. रीडिंग घेणं ही कंपनीचीच जबाबदारी. फोटो पाठवला म्हणून त्यांनी यायचंच नाही असं होत नाही, अधूनमधून माणसाने मीटर बघायलाच हवं, सील, वायरिंग, जळलेलं टर्मिनल फोटोत कुठे दिसतंय. इथे बिब्बांशी मी सहमत आहे.

चिडका_बिब्बा
नशीब! बरं, या वेळी पाठवतो फोटो. उपकार म्हणून.

तारांबळ
मेसेजमध्ये मुदत दिली असेल ती बघून पाठवा. एकदा बिल निघालं की अ‍ॅप त्या महिन्याचं रीडिंग घेत नाही.

चिडका_बिब्बा
मुदत कालच संपली.

उंटावरचा_शहाणा
काका, ती लेखी तक्रार दिली आणि त्यांनी पोचच दिली नाही तर?

सर्किट_काका
काउंटरवर नका देऊ मग. ईमेल करा किंवा पोर्टलवर टाका, तक्रार क्रमांक येतो तो बिलावर लिहून ठेवा. बिलातला वाद नसलेला भाग भरायचा की पूर्ण, हे मात्र तिथे विचारूनच ठरवा, न भरता बसलात तर कनेक्शन तोडायची नोटीस येऊ शकते.