शब्दचर्चा: ‘तुकडीनिहाय बहुलक’ म्हणावं की आणखी काही?

खडूफळा
आठवीच्या तीन तुकड्यांचा गणिताचा निकाल एका पानावर मांडायचा आहे. आमच्याकडे तुकड्यांना अ, ब, क म्हणणं सोडून मोगरा, जाई, शेवंती अशी नावं दिली आहेत. बरंच झालं, नाहीतर ‘ब ची ब-१’ असं काहीतरी वाचावं लागलं असतं. मला एक स्तंभ असा हवाय, की त्या तुकडीत सगळ्यात जास्त मुलांना कोणती श्रेणी मिळाली ते कळेल. मथळा काय द्यावा? ‘वर्गनिहाय बहुलक’ लिहिलं तर मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, पालकांना काही कळणार नाही. ‘बहुसंख्यांची श्रेणी’ चालेल का?

दादासाहेब_निवृत्त
वर्गनिहाय बहुलक म्हणजे वर्गीकृत वारंवारता सारणी. आधी बहुलकीय वर्ग शोधा, मग सूत्र लावा:

```
बहुलक = L + [(f1 − f0) / (2f1 − f0 − f2)] × h
```

L म्हणजे त्या वर्गाची खालची मर्यादा, f1 त्याची वारंवारता, f0 आणि f2 त्याच्या आधीच्या आणि पुढच्या वर्गाची, h वर्गांतर. दहावीच्या बीजगणितात आहे. मी वर्षानुवर्षं शिकवलंय.

आकडेमोडे
दादासाहेब, सूत्र बिनचूक आहे, पण प्रश्न त्याचा नाही. खडूफळा यांचा ‘वर्ग’ म्हणजे बाकावर बसलेली मुलं. तुमचा वर्ग म्हणजे ६१ ते ७० असा गुणांचा पट्टा. शिवाय गणितात वर्ग म्हटलं की कोणीतरी संख्येला त्याच संख्येने गुणायला बसतं, तो तिसरा. त्यामुळे मथळ्यात ‘वर्ग’ नकोच, ‘तुकडी’च ठेवा.

आणि श्रेण्यांवर ते सूत्र मुळात लावताच येणार नाही. त्याला सारख्या रुंदीचे पट्टे लागतात. अ-१ ते क-२ हे दहा-दहा गुणांचे आहेत हे खरं, पण ड म्हणजे ३३ ते ४०, इ-१ म्हणजे २१ ते ३२ आणि इ-२ म्हणजे २० किंवा त्याहून कमी. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इथे उत्तर ‘७४.३’ असं नकोय, उत्तर ‘ब-१’ असं हवंय. नुसतं मोजायचं आणि सर्वांत मोठा आकडा कुठे पडला ते बघायचं, बस.

मनमोकळी
बहुसंख्य म्हणायला काय हरकत आहे? ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून येतो, तसंच की. बहुलक म्हणजे बहुमत मिळालेली श्रेणी.

आकडेमोडे
अर्धं बरोबर. निवडणुकीत सर्वाधिक मतं मिळवणारा निवडून येतो, पण त्याला बहुमत असतंच असं नाही. ‘बहुसंख्य’ म्हटलं की वाचणारा निम्म्याहून जास्त असं धरतो. श्रेण्या नऊ असताना कुठलीही एक श्रेणी निम्म्या मुलांना मिळणं दुर्मीळच. खडूफळा, मोगऱ्याचे आकडे टाकाल का?

खडूफळा
मोगरा, ३८ मुलं: अ-१ सात, अ-२ आठ, ब-१ दहा, ब-२ तीन, क-१ सहा, क-२ चार. ड आणि इ मध्ये कोणी नाही.

आकडेमोडे
म्हणजे बहुलक ब-१, आणि ती ३८ पैकी फक्त दहा जणांची. ‘बहुसंख्य मुलांना ब-१’ असं छापलंत तर उरलेल्या २८ जणांचे पालक तुम्हाला विचारायला येतील. ‘बहुल’ या शब्दात निम्म्याची अट नाही, विपुलता आहे, म्हणून ‘बहुलक’ शास्त्रात चालून जातो. इंग्रजीत कार्ल पिअर्सन यांनी १८९५ मध्ये ‘मोड’ हा शब्द आणला, तोही आलेखाचं सगळ्यात उंच टोक या अर्थाने. शिखर कितीही बुटकं असलं तरी शिखरच.

वऱ्हाडी_जाम
माझं थोडं वेगळं आहे, पण इथेच विचारतो. आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात, कोकणात जाम म्हणजे भलतंच फळ. वसतिगृहातल्या पोरांना गावचा तालुका आणि ‘पेरूला काय म्हणता’ असं विचारून वही भरली. आता तालुकानिहाय सगळ्यात चालणारा शब्द काढायचाय. काही तालुक्यांतून दोन-तीनच पोरं आहेत आणि तिघांचे तीन शब्द. तिथे बहुलक काय लिहू?

आकडेमोडे
तिथे ‘बहुलक नाही’ असंच लिहा. सगळ्या किमती एकेकदाच आल्या तर कोणतीही एक उचलणं म्हणजे चिठ्ठी काढणं. एक्सेलचं `MODE`ही अशा वेळी `#N/A` देतं आणि ते प्रामाणिक उत्तर आहे. शब्दाशेजारी किती जणांपैकी किती, तेही लिहा. दोघांपैकी दोघं आणि वीसपैकी सतरा यांना एकाच रंगाने नकाशावर दाखवू नका.

वऱ्हाडी_जाम
दोघांपैकी दोघं म्हणजे शंभर टक्के हो! बरं, समजलं. पण पोरगा तालुक्याच्या गावचा की आजोळी वाढलेला, हे मी विचारलंच नाही. ते राहूच दे.

पत्रकवाली
मी कार्यालयात असले निकाल कायम करते. खडूफळा, `MODE` थेट लावू नका, ते फक्त आकड्यांवर चालतं, ‘ब-१’ वर चालत नाही. A मध्ये तुकडी, C मध्ये श्रेणी, F2 मध्ये तुकडीचं नाव असेल तर हे लावा:

```
=INDEX(C$2:C$113, MODE(IF(A$2:A$113=F2,
   MATCH(C$2:C$113, C$2:C$113, 0))))
```

जुन्या एक्सेलमध्ये एंटरच्या जागी कंट्रोल-शिफ्ट-एंटर. प्रत्येक श्रेणी यादीत पहिल्यांदा कुठे दिसली तो क्रमांक `MATCH` देतं, `IF` फक्त त्या तुकडीचे क्रमांक ठेवतं, `MODE` त्यातला सर्वाधिक वेळा आलेला काढतं आणि `INDEX` त्याची पुन्हा श्रेणी करतं. श्रेणीचा रकाना कुठे रिकामा राहिला तर त्या तुकडीचं उत्तरच `#N/A` होतं, म्हणून गैरहजर मुलांच्या ओळी आधी बाजूला काढा. तिथे ‘गैर’ लिहून ठेवलंत तर तीही एक श्रेणी धरली जाते. तापाच्या साथीत आमच्या एका यादीची बहुलक श्रेणी ‘गैर’ आली होती.

खडूफळा
लावलं. शेवंती ब-२, ठीक. जाई अ-२, तेही छान. पण मोगरा अ-२ दाखवतंय! हाताने मोजलं तर ब-१ दहा आहेत.

पत्रकवाली
पिव्होट टेबल करा. ओळींत तुकडी, स्तंभांत श्रेणी, आकड्यांच्या जागी श्रेणीची गणना. काय दिसतं?

खडूफळा
‘ब-१’ नावाचे दोन स्तंभ. मोगऱ्यात एकाखाली सहा, दुसऱ्याखाली चार. दोन्ही दिसायला अगदी सारखे.

पत्रकवाली
चार जागी ब-१ च्या पुढे एक स्पेस पडली आहे. दोन शिक्षकांनी मिळून यादी भरली की हे होतंच. संगणकाला त्या दोन वेगळ्या श्रेण्या वाटतात, दहाचे सहा आणि चार झाले आणि आठवाली अ-२ पुढे गेली. बाजूच्या रकान्यात `=TRIM(C2)` लावून खाली ओढा आणि तो रकाना वापरा. कोणी ‘ब१’ असं जोडून लिहिलं असेल तर ते `TRIM` ने जाणार नाही, शोधून बदलावं लागेल. सूत्राआधी पिव्होट बघायची सवय लावा. सूत्र एकच उत्तर देतं, ते कुठून आलं ते दाखवत नाही.

खडूफळा
झालं, मोगरा ब-१ आली. पण पिव्होटमध्ये जाईचं वेगळंच दिसतंय. ३६ मुलं: अ-१ चार, अ-२ नऊ, ब-१ सहा, ब-२ नऊ, क-१ पाच, क-२ तीन.

आकडेमोडे
म्हणजे जाईला दोन बहुलक आहेत, अ-२ आणि ब-२, मधे ब-१ चा खड्डा. सूत्राने अ-२ दिली ती केवळ यादीत आधी आली म्हणून. यादी उलट्या हजेरी क्रमांकाने लावून बघा, ब-२ येण्याची शक्यता आहे. क्रम बदलल्यावर उत्तर बदललं तर बरोबरी आहे असं नक्की समजा. न बदललं तर मात्र खात्री नाही, दोन्ही टोकांना एकाच श्रेणीची मुलं असू शकतात. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये `mode()` आहे, तेही बरोबरी असली की त्यातली एकच देतं आणि सांगत नाही. पत्रकात ‘अ-२ / ब-२’ असं दोन्ही छापा. हजेरी क्रमांकावरून तुकडीची श्रेणी ठरू नये.

मनमोकळी
एवढं करण्यापेक्षा १ आणि २ काढून टाका ना. सरळ अ, ब, क. पालकांना तेच कळतं.

आकडेमोडे
करून बघा. मोगऱ्यात अ होतील सात आणि आठ मिळून १५, ब होतील १३, क १०. कालपर्यंत जी तुकडी ब-१ ची होती ती एकदम अ ची. एकाही मुलाचा एक गुण बदललेला नाही. पट्टे रुंद केले की बहुलक असं उडी मारतं, म्हणून श्रेण्या कशा पाडल्या ते आधी ठरवायचं, निकाल बघून नाही.

श्रेण्यांना क्रम असल्यामुळे इथे मध्यकही काढता येतो. वरून मोजत गेलं तर एकोणिसावं आणि विसावं मूल दोन्ही ब-१ मध्ये पडतात आणि पट्टे जोडल्यावरही ब मध्येच राहतात. तुकडी साधारण कुठे आहे ते सांगायचं असेल तर मी मध्यक देईन. वऱ्हाडी यांच्या फळांना मात्र तो लागू नाही, पेरू आणि जाम यांत खालचं-वरचं काय?

वऱ्हाडी_जाम
आमच्याकडे जाम वरचाच!

दादासाहेब_निवृत्त
सगळं वाचलं. मथळा ‘तुकडीनिहाय बहुलक’च असावा. शाळेनेच पाठ्यपुस्तकातला शब्द टाळायचा तर मुलांनी तो वापरायचा कुठे? आणि ते बहुलक, तो बहुलक नव्हे.

पत्रकवाली
मी अजूनही ‘तो बहुलक’च म्हणते, गुणक, मध्यक यांच्यासारखा. आणि पालकांच्या पानावर ‘सर्वाधिक मुलांना मिळालेली श्रेणी’ बरं. पुढे कंसात किती पैकी किती.

खडूफळा
बाईंना पत्रकवालींचा मथळा पटला, फक्त ‘मुलांना’च्या जागी ‘विद्यार्थ्यांना’ हवं म्हणाल्या. मोगरा: ब-१, ३८ पैकी १०. जाई: अ-२ आणि ब-२, ३६ पैकी प्रत्येकी ९. दादासाहेब, शिक्षकांच्या प्रतीत ‘बहुलक’ ठेवलंय. लिंगाचं तुम्ही दोघं ठरवा, स्तंभाच्या मथळ्यात क्रियापद येत नाही.