बी विंग ग्रुप: वाय-फाय एकच, घरं दोन?

३०४ काकू: कोणाला वाय-फायमधलं कळतं का? फोनवरचे फोटो टीव्हीवर लावते ना मी, बेडरूममध्ये गेलं की फोनला टीव्हीच सापडत नाही. हॉलमध्ये सापडतो. नेट दोन्हीकडे छान चालतं!

१०२ काका: राउटर बंद करून चालू करा.

३०४ काकू: केलं हो. तेच.

२०३ दादा: काकू, राउटरचं बटण बंदच ठेवा, बेडरूममध्ये जा आणि फोनवर वाय-फाय दिसतंय का सांगा.

३०४ काकू: अगं बाई! राउटर बंद आणि फोन म्हणतो HOME_WIFI जोडलेलं आहे 😳

२०३ दादा: मग ते तुमचं नाहीच. वर कोणाचं नाव हेच आहे का?

४०४ ताई: आमचं. नेट बसवणाऱ्या मुलानेच ठेवलं होतं. पासवर्ड 12345678.

३०४ काकू: माझाही तोच!! मुलगाही तोच असणार.

२०३ दादा: झालं तर. फोन घर ओळखत नाही, नाव आणि पासवर्ड जुळला की जोडला जातो. बेडरूममध्ये ताईंचा सिग्नल जोरात, म्हणून तो वर जातो. टीव्ही मात्र तुमच्या राउटरवर, म्हणून एकमेकांना दिसत नाहीत. पासवर्ड वेगळा असता तर फोन जोडलाच गेला नसता, तेव्हाच कळलं असतं.

४०१: आमच्याकडे दोन डबे आहेत, दोन्हींचं नाव एकच. तेही चूक?

२०३ दादा: नाही, ते मुद्दाम असतं. एकाच घरातले असले तर फोन जवळचा पकडतो आणि टीव्हीही सापडतो. इथे घरं दोन आहेत.

१०२ काका: दोघींनी बदला नाव.

२०३ दादा: एकीने बदललं तरी पुरे. काकू, तुम्हीच बदला. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाका, बहुतेक तोच पत्ता असेल, नाहीतर राउटरखालच्या स्टिकरवर बघा. पण हे राउटरला वायरने जोडलेल्या लॅपटॉपवरून नाहीतर हॉलमध्ये राउटरशेजारी बसून करा. नाहीतर ताईंच्या राउटरचं पान उघडेल, पत्ता दोन्हींचा सारखाच असू शकतो.

४०४ ताई: 🙏 माझं नाव बदलू नका हो. मुलाचा क्लास चालू आहे.

२०३ दादा: 😄 आणि काकू, नवीन नाव ठेवल्यावर फोनमधून जुनं HOME_WIFI विसरायला लावा. ते राहिलं तर बेडरूममध्ये परत वरच जाईल. टीव्ही, प्रिंटरलाही नवीन नाव-पासवर्ड द्यावा लागेल.

३०४ काकू: संध्याकाळी मुलगी आली की करते. मग इतके दिवस माझ्या मालिका ताईंच्या नेटवर?

४०४ ताई: बेडरूममधल्या तेवढ्या 😀

३०४ काकू: रविवारी थालीपीठ पाठवते.