मदत हवी आहे: मैत्रिणीला हे कसं सांगू?

हॉस्टेलपासूनची मैत्रीण. मी फोन केला की तासभर भरभरून बोलते, पण आपणहून कधीच करत नाही. दिवाळीनंतर मी मुद्दाम थांबले, तर संक्रांतीपर्यंत तिचा साधा मेसेज नाही. अशी परीक्षा घेतल्याचं मलाच वाईट वाटलं, कारण तिला त्याची कल्पनाच नव्हती.

आता सरळ सांगायचंय. एवढं लिहून ठेवलंय: "तुझी आठवण येते गं. महिन्यातून एकदा तू फोन करशील का? मला फार बरं वाटेल." 'तू कधीच करत नाहीस' हे टाळलंय, नाहीतर ती कारणं देत बसेल.

हे मेसेजवर पाठवू की भेटीत बोलू? आणि 'महिन्यातून एकदा' हा हिशेब वाटतो का? कोणी असं बोललं असेल तर नेमके शब्द सांगा.